ऐतिहासिक विधिसंप्रदाय आणि कायद्याचा स्रोत म्हणून रूढी

कायदा कोणीतरी वर बसून बनवतं, की तो लोकांच्या वागण्यातून हळूहळू तयार होतो आणि सरकार नंतर त्यावर फक्त शिक्का मारतं, हा वाद जुना आहे. यात दुसरी बाजू घेणाऱ्यांना ऐतिहासिक विधिसंप्रदाय म्हणतात आणि त्यातलं मुख्य नाव म्हणजे जर्मन प्राध्यापक सॅव्हिनी (१७७९-१८६१). १८१४ साली, नेपोलियनचा जोर ओसरल्यावर, थिबो नावाच्या दुसऱ्या प्राध्यापकाने सगळ्या जर्मन राज्यांसाठी एकच दिवाणी संहिता करा अशी मागणी केली. सॅव्हिनीने त्याच वर्षी विरोधात पुस्तिका काढली. त्याचं म्हणणं असं की भाषेसारखाच कायदाही समाजासोबत वाढतो, आधी रूढीत आणि मग कायदेपंडितांच्या हातात, त्यामुळे घाईने संहिता लिहिली तर ती वाढच थांबेल. जर्मनीची संहिता शेवटी १९०० साली लागू झाली. आता गंमत बघा, लोकमानसाची एवढी बाजू घेणारा हा माणूस आयुष्यभर अभ्यास करत बसला रोमन कायद्याचा, आणि यावरून त्याला त्याच्याच काळात टोमणे बसले.

त्याचा शिष्य पुख्टा याने मुद्दा आणखी नेमका केला. लोक एखादी गोष्ट वारंवार करतात म्हणून ती कायदा होत नाही, तर हे बंधनकारक आहे असं त्यांना मनापासून वाटत असतं म्हणून ती कायदा असते, आणि वारंवार करणं हा त्या वाटण्याचा फक्त पुरावा. ऐकायला छान आहे, पण कोर्टात हे सिद्ध कसं करायचं हा प्रश्न उरतोच.

आपल्याकडे हा प्रश्न लवकर आला. एल्फिन्स्टनच्या काळातल्या मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनमध्ये दिवाणी दाव्यांसाठी क्रम ठरवून दिला होता: आधी पार्लमेंटचे कायदे आणि सरकारी रेग्युलेशन, ते नसतील तर त्या मुलखातली वहिवाट म्हणजेच रूढी, तीही नसेल तर प्रतिवादीचा म्हणजे त्याच्या धर्माचा कायदा, आणि काहीच नसेल तर न्यायबुद्धी. म्हणजे वहिवाट धर्मशास्त्राच्याही आधी. त्याच सुमारास आर्थर स्टील या अधिकाऱ्याने दख्खनमधल्या जातींच्या चालीरीतींचा सरकारसाठी संग्रह केला. पुढे १८६८ मध्ये मदुरेच्या एका दत्तकाच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या सर्वात वरच्या अपील कोर्टाने, स्पष्टच म्हटलं की हिंदू कायद्यात वहिवाटीचा स्पष्ट पुरावा लिखित वचनापेक्षा वरचढ ठरतो.

पण रूढीला एवढा मान दिला की ती कागदावर सिद्ध करायची जबाबदारीही येते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने रूढीची व्याख्याच दिली: दीर्घकाळ, सलग आणि एकसारखी पाळलेली, निश्चित, आणि गैरवाजवी किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध नसलेली. लग्न कोणत्याही एका पक्षाच्या रूढीप्रमाणे लागलं तरी चालतं.

ही व्याख्या कशी चालते ते १९६५ च्या भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या केसमध्ये दिसतं. पहिली बायको असताना माणसाने १९६२ मध्ये दुसरं लग्न केलं असा आरोप होता आणि ते लग्न गांधर्व पद्धतीचं होतं असं सरकार पक्षाचं म्हणणं. साक्षीदाराने सांगितलं की रात्री पाट मांडले, तांब्यावर पानं आणि नारळ ठेवून पूजा केली, एकमेकांना हार घातले आणि कपाळाला कपाळ लावलं. होम नाही, सप्तपदी नाही. आता दुसरं लग्न कायद्याने लागलेलं असेल तरच द्विभार्येचा गुन्हा होतो, म्हणून हे दोन विधी आरोपीच्या समाजात रूढीने लागत नाहीत हे सरकार पक्षाला दाखवावं लागणार होतं आणि ते जमलं नाही. उलट त्यांच्या रूढीत जे विधी होते त्यातलेही काही पाच-सात वर्षांपासून सोडून दिलेत असं पुराव्यात आलं. कोर्टाचं म्हणणं, पाच-सात वर्षांत झालेला बदल म्हणजे रूढी नव्हे. लग्नच सिद्ध झालं नाही आणि आरोपी सुटला!

सॅव्हिनीच्या हिशेबाने बघितलं तर इथेच गोची आहे, कारण त्याची रूढी वाढत जाणारी, बदलणारी होती, आणि कोर्टाला मात्र बराच काळ न बदललेली रूढीच ओळखता येते. लोकांनी विधी साधे केले की मधल्या काळात ते ना जुन्या रूढीत बसतात ना नव्या. निकाल कायद्याच्या शब्दांना धरून आहे हे खरं, पण त्याचा फटका आरोपीला नाही, पहिल्या बायकोला बसला असं माझं मत.

काडीमोडीचंही तसंच. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ मध्ये रूढीने मिळणारा घटस्फोट अजून शाबूत आहे, म्हणून बरेच लोक स्टॅम्पपेपरवर सह्या करून मोकळे होतात. पण २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असा घटस्फोट हा सर्वसाधारण कायद्याला अपवाद आहे, त्यामुळे आपल्या समाजात अशी रूढी आहे हे दाव्यात मुद्दाम मांडावं लागतं आणि पुराव्याने शाबीत करावं लागतं. ते झालं नाही तर नुसत्या कागदाने लग्न मोडत नाही, आणि त्या भरवशावर केलेलं दुसरं लग्न रद्दबातल ठरू शकतं.