प्रतिलेखन, सदोष फॅक्स व छायाप्रतींचे

फॅक्सवरून आलेल्या किंवा झेरॉक्स केलेल्या पानावरील मजकूर अक्षरशः उतरवून काढण्याची पद्धती. यंत्राने पानावर टाकलेले ठिपके आणि रेघा विरामचिन्हांशी किंवा अक्षराच्या अवयवांशी जुळतात, तेव्हा मूळ लेखनातले कोणते चिन्ह खरे, हे ठरवणे हा या कामाचा गाभा होय. देवनागरीत ही अडचण विशेष जाणवते. रोमन लिपीत भटक्या ठिपक्याचा बहुधा पूर्णविराम होतो. देवनागरीत तो अक्षरावर पडला तर अनुस्वार, खाली पडला तर नुक्ता, आणि ओळीच्या शेवटी पडला तर पूर्णविराम होतो. उभी रेघ काना किंवा दंड म्हणून वाचली जाते.

दोषांचे उगम : तिसऱ्या गटाच्या फॅक्सचे मानक १९८० मध्ये मान्य झाले. त्यात सुमारे २१५ मिमी. रुंदीच्या ओळीचे १,७२८ बिंदू होतात, म्हणजे आडव्या दिशेने मिलिमीटरला आठ. उभ्या दिशेने मात्र साध्या प्रतीत मिलिमीटरला ३.८५ आणि सूक्ष्म प्रतीत ७.७ ओळी असतात. त्यामुळे साध्या प्रतीतला एकटा बिंदू सु. ०.१२ मिमी. रुंद व ०.२६ मिमी. उंच, असा उभट असतो. अशा फाइली चौरस बिंदू धरून उघडल्या की पान चेपलेले दिसते. मोजमाप सुरू करण्यापूर्वी इमेजमॅजिक या चित्रसंस्करणाच्या आज्ञावलीने उंची दुप्पट करून घ्यावी :

```
magick fax.tif[0] -filter Point -resize 100%x200% page1.png
```

येथे `Point` मुद्दाम घेतला आहे. बाकीच्या गाळण्या बिंदूंच्या कडा पुसट करतात. ठिपके आपोआप पुसणारी सोय वाचनाच्या प्रतीवर वापरू नये. ती कचऱ्याबरोबर बारीक अनुस्वारही खाते, आणि खाल्ल्याची खूण उरत नाही.

पानाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जाणारी काळी उभी रेघ बहुधा पाठवणाऱ्याच्या यंत्रातील काचेवरच्या कणाची असते. कण स्थिर आणि कागद सरकता, म्हणून ठिपक्याची रेघ होते. तोच कण सपाट काचेच्या झेरॉक्स यंत्रावर असेल, तर रेघ न उमटता प्रत्येक पानावर एकाच जागी ठिपका येतो. रेघ तुटक असली की ती कान्याचे सोंग घेते. अशा वेळी दोन ओळींमधली कोरी जागा आणि समास तपासावा. त्याच उभ्या रेषेत तेथेही तुकडे सापडले, तर अक्षरातला ‘काना’ संशयास्पद ठरतो. याउलट पांढरी उभी रेघ बहुधा घेणाऱ्या यंत्राच्या औष्णिक मुद्रणशीर्षातील निकामी बिंदूची असते. ती ‘काम’चे ‘कम’ करू शकते. मात्र त्या रेषेत प्रत्येक ओळीची शिरोरेखा तुटलेली दिसते, आणि त्यावरून ती ओळखू येते.

गळालेल्या ओळी : दूरध्वनीच्या तारेवर खरखर झाली आणि दोषनिवारणाची सोय चालू नसली, तर संकेतन बिघडून पुढच्या ओळअखेर-खुणेपर्यंतचा भाग वाया जातो. द्विमितीय संकेतनात ओळ आधीच्या ओळीवर अवलंबून असल्याने बिघाड पुढच्या ओळींतही झिरपतो. घेणारे यंत्र यावर तीनपैकी काहीतरी करते : ओळ गाळते, कोरी ठेवते किंवा मागची ओळ पुन्हा छापते. गाळल्यास अक्षरे तेथे ठेंगणी होतात, कोरी ठेवल्यास आडवी फट दिसते, पुन्हा छापल्यास अक्षरे ताणली जातात. तिसरा प्रकार सर्वांत फसवा, कारण पान धडधाकट दिसते. फाइल मिळाली असेल तर `tiffinfo` ही आज्ञा देऊन `Bad Fax Lines` आणि `Fax Data` या नोंदी पाहाव्यात. सर्व यंत्रे त्या लिहीत नाहीत.

साध्या प्रतीत टंकलिखित शिरोरेखा जेमतेम एकदोन ओळींची असते. नेमक्या त्याच ओळी गेल्या, की ‘घ’ व ‘ध’, ‘म’ व ‘भ’ यांच्यातला शिरोरेखेच्या फटीचा भेद नाहीसा होतो आणि वाचकाला केवळ गाठीच्या वळणावर अवलंबून राहावे लागते.

अनुस्वाराचा प्रश्न : जुन्या मराठी कागदांत संशयित ठिपका अर्थाच्या किंवा व्याकरणाच्या आधारे निकालात काढता येत नाही. साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ चे. तोवर ‘नाहीं’, ‘केलें’, ‘कांहीं’ असे अनुच्चारित अनुस्वार देण्याची रूढी होती, आणि सरावलेल्या हातांनी ती पुढेही काही काळ चालवली असे दिसते. म्हणून केवळ अनुस्वारांवरून कागदाचा काळ ठरवणे धोक्याचे. ठिपकेदार छायाप्रतीवरून तर मुळीच ठरवू नये. काही संपादक आजच्या शुद्धलेखनाला न लागणारा ठिपका कचरा समजून सोडतात, तर काही दिसेल तो प्रत्येक ठिपका उतरवतात. त्या पानावरील निःसंशय अनुस्वार मोजून त्यांच्याशी तुलना करणारा तिसरा मार्ग अधिक भरवशाचा वाटतो.

उदाहरणार्थ, झेरॉक्सवरून फॅक्स झालेल्या टंकलिखित आदेशात ‘मृताच्या मुलास हिस्सा द्यावा’ असे वाक्य असून ‘ला’वर ठिपका आहे असे समजू. ‘मुलास’ की ‘मुलांस’ यावर वारस एक की अनेक हे ठरते. पानावरचे निर्विवाद दहाबारा अनुस्वार मोजले असता ते तीनचार बिंदू रुंद, दोन ओळी उंच आणि कान्याच्या डोक्यावर ठरावीक अंतरावर भरतात. टंकयंत्रात अनुस्वाराची कळ गाडी पुढे सरकवत नाही, म्हणून ही जागा फारशी हलत नाही. संशयित ठिपका मात्र दोन बिंदू रुंद, एकच ओळ उंच आणि सहा बिंदू डावीकडे आहे. एवढ्यावर संशय बळावतो, निर्णय होत नाही. मग त्याच उभ्या रेषेत वरखाली शोध घ्यावा. छायाप्रत यंत्राच्या ढोलावरचा ओरखडा ढोलाच्या परिघाइतक्या अंतराने पुन्हा उमटतो. ढोलाचा व्यास ३० मिमी. असल्यास हे अंतर सु. ९४ मिमी., म्हणजे साध्या फॅक्समध्ये सु. ३६२ ओळी. तेवढ्याच अंतरावर खालच्या कोऱ्या जागेत तसाच ठिपका सापडला, तर ‘मुलास’ हे वाचन पक्के मानता येते. प्रत लहानमोठी करून काढली असली तरी अंतर ढोलाचेच राहते. फॅक्स करताना पान आक्रसले असेल तर मात्र तेही आक्रसते.

ओरखडा खऱ्या अनुस्वाराच्या जागीच पडला तर ही कसोटी चालत नाही. तेव्हा दोन्ही वाचने द्यावी लागतात.

खुणा : अभिलेखविद्येत १९३१ पासून रूढ झालेल्या लायडन संकेतांत अनिश्चित अक्षराखाली टिंब देतात. ज्या पानावर टिंबांचाच घोळ आहे त्याच्या नकलेत आणखी टिंब घालणे गैरसोयीचे, शिवाय देवनागरीत ते नुक्त्यासारखे दिसते. चौकटी कंस बरे. अनुस्वार किंवा मात्रा एकटी कंसात न ठेवता पूर्ण शब्द ठेवावा, कारण सुटे चिन्ह पडद्यावर ठिपक्यांच्या वर्तुळावर बसते : [मुलास / मुलांस]. टीईआय या मजकुराच्या संगणकीय चिन्हांकनाच्या पद्धतीत हेच असे लिहितात :

```
<choice>
  <unclear>मुलास</unclear>
  <unclear>मुलांस</unclear>
</choice>
```

गळालेल्या भागासाठी `<gap reason="illegible"/>` वापरतात. अंदाजाने भरलेला मजकूर `<supplied>` मध्ये वेगळा ठेवतात. पानाच्या माथ्यावरची फॅक्सची ओळही उतरवावी; तीतील पानक्रमांकावरून मधले पान गहाळ असल्याचे कळते. त्या ओळीतली तारीख मात्र पाठवणाऱ्या यंत्राच्या घड्याळाची असते, लेखनाची नव्हे.