एकाच गिअरवर भेरूघाट

"गिअरच नाहीत, मग ही भेरूघाट चढणार कशी?" इंदूरच्या मराठी घरांत इलेक्ट्रिक गाडीचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला. विचारणारे काका-मामा बहुधा लग्नकार्यासाठी धुळ्या-जळगावला गाडी हाकत गेलेले असतात. परतताना खलघाटला नर्मदा ओलांडली की रस्ता भेरूघाटातून माळव्याच्या पठारावर चढू लागतो आणि पेट्रोल गाडी तिसऱ्यावर, कधी दुसऱ्यावर आणावी लागते, हे त्यांच्या डाव्या हाताला पाठ आहे. शोरूममधलं उत्तरही पाठच असतं: "इन्स्टंट टॉर्क असतो, साहेब." ते खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं मला जास्त आवडतं, म्हणून हा लेख.

आधी एक दुरुस्ती. इलेक्ट्रिक गाडीत गिअर असतो, फक्त एकच असतो आणि तो बदलत नाही. मोटर साधारण आठ-दहा वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरतं. वेग जितक्या पटीने कमी होतो, तितक्याच पटीने टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढतो. पेट्रोल गाडीच्या गिअरबॉक्समध्येही हेच घडतं. मग तिला पाच-सहा जोड्या का लागतात?

कारण इंजिनाला स्वतःचा किमान वेग असतो. मिनिटाला सात-आठशे फेऱ्यांच्या खाली ते धड चालत नाही, आचके देत बंद पडतं. सहा हजारांच्या वर त्याला श्वास पुरत नाही. समजा इंजिनाला एकच गिअर दिला आणि 6,000 फेऱ्यांना गाडी ताशी 160 किमी धावेल असं जमवलं. मग ताशी 20 किमीला इंजिन 750 फेऱ्यांवर असेल, म्हणजे बंद पडण्याच्या काठावर, आणि नेमकं तेव्हाच घाटात जोर हवा असतो. उलट घाटासाठी गिअर जमवला तर सपाट रस्त्यावर ताशी पन्नासच्या आसपासच इंजिन किंचाळू लागेल.

गाडीची खरी मागणी काय असते? कमी वेगात भरपूर ओढ, आणि वेग वाढेल तशी कमी ओढ चालेल. शक्ती म्हणजे ओढ गुणिले वेग. तेव्हा शक्ती तेवढीच ठेवून वेग दुप्पट केला तर ओढ निम्मी होणार. आलेखावर ही एक गुळगुळीत उतरती वक्ररेषा दिसते. पेट्रोल गाडीचा गिअरबॉक्स त्या रेषेची नक्कल पायऱ्यापायऱ्यांनी करतो. प्रत्येक गिअर म्हणजे तिच्यावरची एक पायरी. इलेक्ट्रिक मोटर ती रेषा स्वतःच काढते. कशी, ते पाहू.

मोटर फिरते तेव्हा ती जनित्रही असते. रोटरवरचे, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागावरचे, चुंबक तारांच्या वेटोळ्यांसमोरून सरकतात, त्यामुळे शाळेत शिकलेल्या फॅरेडेच्या नियमाप्रमाणे वेटोळ्यांत व्होल्टेज निर्माण होतं, तेही बॅटरीच्या विरोधात. वेग जितका जास्त, तितकं हे उलटं व्होल्टेज जास्त. गाडी उभी असताना ते शून्य असतं. तेव्हा बॅटरीचा प्रवाह मोटरला हवा तसा बदलून देणारा इन्व्हर्टर सोसेल तेवढा पूर्ण प्रवाह वेटोळ्यांत सोडता येतो आणि पूर्ण टॉर्क मिळतो. शोरूमवाल्याचा "इन्स्टंट टॉर्क" तो हाच.

पण वेग वाढता वाढता उलटं व्होल्टेज बॅटरीच्या व्होल्टेजला गाठू लागतं. आता प्रवाह आत ढकलायला जागाच उरत नाही. इथेच मोटर थांबली असती, तर तिलाही गिअर लागले असते! इथे एक युक्ती कामाला येते. इन्व्हर्टर प्रवाहाचा काही भाग असा वळवतो की त्याचं चुंबकीय क्षेत्र रोटरच्या चुंबकांच्या विरुद्ध पडतं. त्यामुळे वेटोळ्यांना चुंबक जणू कमजोर झालेला दिसतो. कमजोर चुंबक म्हणजे कमी उलटं व्होल्टेज, म्हणजे अजून वेगाला वाव. मोबदल्यात टॉर्क घटतो. पण वेग वाढतो त्याच प्रमाणात टॉर्क घटला, तर शक्ती कायम राहते. म्हणजे गाडीला हवी असलेली नेमकी तीच वक्ररेषा! या युक्तीला फील्ड वीकनिंग म्हणतात.

2010 मध्ये आलेल्या पहिल्या निसान लीफचे आकडे घेऊन हे करून पाहू, कारण हिशेब अगदी स्वच्छ सुटतो. मोटर 280 न्यूटन-मीटर टॉर्कची, 80 किलोवॉट शक्तीची, आणि गिअर एकच, 7.94 पटींचा. पूर्ण टॉर्क शून्यापासून 2,730 फेऱ्यांपर्यंत मिळतो. चाकाचा घेर सुमारे दोन मीटर असल्याने या फेऱ्या ताशी 41 किमीला पडतात. तिथून 9,800 फेऱ्यांपर्यंत, म्हणजे ताशी 147 किमीपर्यंत, शक्ती 80 किलोवॉटवर टिकते. चाकाजवळचा टॉर्क सुरुवातीला 280 गुणिले 7.94, म्हणजे सुमारे 2,220 न्यूटन-मीटर. बाराशे सीसीची साधी पेट्रोल गाडी पहिल्या गिअरमध्ये साधारण 1,500 देते.

आता घाट. माणसं-सामानासकट 1,700 किलोची गाडी, दर शंभर मीटरला सात मीटर चढ, वेग ताशी 60. चढ, टायर आणि हवा मिळून जवळपास 1,500 न्यूटन ओढ लागते, म्हणजे 25 किलोवॉट. मोटर 4,000 फेऱ्यांवर असते आणि तिथे 80 किलोवॉट हाताशी असतात. एकतृतीयांश ताकदीत घाट पार.

जाता जाता जाहिरातींबद्दल. काही कंपन्या मोटरचा टॉर्क न सांगता गिअरने गुणलेला, चाकाजवळचा हजारोंचा आकडा छापतात. त्या हिशेबाने आपली जुनी पेट्रोल गाडीही पैलवानच ठरते. डिलिव्हरीच्या दिवशी चाकाखाली ठेवलेल्या लिंबाला तर 1,500 काय आणि 2,220 काय, दोन्ही सारखेच.

हे सगळं फुकट मात्र मिळत नाही. चुंबकाला विरोध करणारा प्रवाह गाडी ढकलत नाही, नुसती उष्णता करतो. म्हणून हायवेवर वेगात रेंज घटते, त्यात हवेच्या रोधाबरोबर थोडा वाटा याचाही असतो. चालवतानाही फरक जाणवतो. चाळीसपर्यंत पाठीला बसणारा धक्का एकसारखा असतो, नंतर तो ओसरत जातो, आणि शंभरच्या पुढे ओव्हरटेक करताना तो जोम राहत नाही. दुसरी अडचण चढावर अगदी हळू, भरल्या गाडीने रेंगाळताना येते. टॉर्क हवा तर प्रवाह हवा, आणि प्रवाह दुप्पट केला की तारांतली उष्णता चौपट होते. खालचा गिअर टाकून मोटरचा भार हलका करण्याची सोय नसते. तापमान वाढलं की कंट्रोलर स्वतःच शक्ती कापतो.

टेस्लाने आपल्या पहिल्या रोडस्टरसाठी दोन गिअरांचा बॉक्स योजला होता. मोटरचा टॉर्क झेलत तो टिकेना. शेवटी 2008 मध्ये कंपनीने तो काढून एकाच गिअरचा बॉक्स बसवला, आणि पहिल्या गिअरची उणीव जास्त प्रवाह देणाऱ्या इन्व्हर्टरने भरून काढली. पोर्शे टायकानच्या मागच्या आसावर मात्र दोन गिअर आहेत, कारण तिला उभ्या जागेवरून झेपही हवी आणि ताशी अडीचशेच्या पुढचा वेगही. तसा वेग आपल्याकडे पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राच्या 11.3 किमी ट्रॅकवरच कामाचा. अवजड ट्रकांचं गणित वेगळं आहे. चाळीस टन घेऊन घाटात रांगायचं आणि सपाटीवर ताशी ऐंशीने पळायचं, हे एका गिअरवर जमवायला मोटर आणि इन्व्हर्टर फार मोठे घ्यावे लागतात, म्हणून व्होल्वोने आपल्या मोठ्या इलेक्ट्रिक ट्रकांत बारा गिअरांचा बॉक्स ठेवला आहे.