नोटिफिकेशन चॅनल (अँड्रॉइड)

नोटिफिकेशन चॅनल ही अँड्रॉइड प्रणालीतली एक सोय आहे. एखादे ॲप ज्या वेगवेगळ्या कारणांसाठी सूचना पाठवते, त्या प्रत्येक कारणाचा वेगळा कप्पा तिच्यामुळे करता येतो. कुठल्या कप्प्यातली सूचना आवाज करून यावी, कुठली गुपचूप यावी आणि कुठली येऊच नये, हे फोन वापरणारा स्वतः ठरवतो. ही सोय अँड्रॉइड 8.0 म्हणजे ओरिओ या आवृत्तीत, ऑगस्ट 2017 मध्ये आली. प्रोग्रामरच्या भाषेत त्या आवृत्तीचा एपीआय क्रमांक 26. सेटिंगच्या पडद्यावर हे कप्पे ‘सूचनांचे प्रकार’ म्हणून दिसतात, चॅनल हा शब्द तिथे सहसा नसतो. त्यामुळे रोज चॅनल हाताळणाऱ्या अनेकांनी त्याचे नाव ऐकलेले नसते.

ओरिओच्या आधी सूचनेला प्राधान्य असे, पण ते ॲप ठरवत असे. प्रत्येक सूचना पाठवताना प्रोग्रामर `setPriority()` ला उणे 2 ते 2 यांमधला एक आकडा देई. खात्यातून पैसे गेल्याची सूचना आणि सणाच्या सवलतीची जाहिरात या दोन्हींना एकाच ॲपने सर्वोच्च आकडा दिला, तर जाहिरातीपुरती तक्रार करायला फोनवाल्याकडे जागाच नव्हती. ॲपनेच आत काही पर्याय दिले असले तर ठीक, नाहीतर त्या ॲपच्या सगळ्या सूचना बंद करणे एवढाच खरा उपाय उरे. मग जाहिरातीबरोबर कामाची सूचनाही जाई. चॅनलने हा आकडा एकेका सूचनेवरून काढून कप्प्यावर ठेवला, आणि कप्पा तयार झाल्यावर त्याची किल्ली फोनवाल्याकडे दिली. चॅनलची बाकीची रचना या हस्तांतरणाभोवती उभी आहे.

कप्प्याला असलेल्या या आकड्याला महत्त्व म्हणतात. रोजच्या वापरात त्याच्या चार पायऱ्या येतात. `IMPORTANCE_HIGH` असलेल्या चॅनलची सूचना आवाज करते आणि चालू कामावर पट्टी होऊन वरून उतरते. `IMPORTANCE_DEFAULT` ची सूचना आवाज करते, पण पट्टी उतरत नाही. `IMPORTANCE_LOW` ची सूचना आवाज न करता येते, वरच्या कोपऱ्यात तिचे चिन्ह मात्र दिसते. `IMPORTANCE_MIN` मध्ये ते चिन्हही दिसत नाही; पडदा खाली ओढला तर ती तळाशी सापडते. याशिवाय `IMPORTANCE_NONE` म्हणजे कप्पा पूर्ण बंद. फोनच्या पडद्यावर या पायऱ्या इतक्या सुट्या दिसत नाहीत. अँड्रॉइड 10 पासून आधी दोनच मोठे पर्याय पुढे येतात, आवाज करणारी सूचना आणि सायलंट सूचना. पट्टी उतरावी का, सायलंट सूचना आणखी लहान करून ठेवावी का, हे त्यांच्या आत वेगळे विचारले जाते. बहुतेकांचे काम पहिल्या दोन पर्यायांत भागते, त्यामुळे हा बदल योग्यच म्हणायला हवा.

एका बँकेच्या ॲपचे काल्पनिक उदाहरण घेऊ. ॲप पहिल्यांदा उघडले की ते तीन चॅनल तयार करते: व्यवहार, बिलांची आठवण आणि ऑफर. त्यातले एक असे:

```kotlin
val ch = NotificationChannel(
    "offers", "ऑफर",
    NotificationManager.IMPORTANCE_HIGH
)
manager.createNotificationChannel(ch)
```

यातले `offers` हे चॅनलचे आतले ओळखनाम आहे, ते फोनवाल्याला दिसत नाही. ‘ऑफर’ हे सेटिंगमध्ये दिसणारे नाव. या ॲपने ऑफरलाही व्यवहाराइतकेच महत्त्व दिले आहे, म्हणून कर्जाची जाहिरात वरून उतरते आणि फोन वाजतो. वैतागलेला ग्राहक त्या सूचनेवर बोट दाबून धरतो. तिथल्या तिथे छोटा फलक उघडतो, त्यात ती सूचना कुठल्या प्रकारातली आहे हे लिहिलेले असते आणि शेजारी सायलंट व बंद करण्याचे पर्याय असतात. तो हा प्रकार सायलंट करतो. त्या क्षणापासून ऑफर गुपचूप येतात आणि खात्यातून पैसे गेले की फोन पूर्वीसारखाच वाजतो. सूचना हातून निसटली असेल तर सेटिंगमध्ये ॲप्स, मग ते ॲप, मग नोटिफिकेशन असे गेले की तिन्ही प्रकार एकाखाली एक दिसतात.

आता ॲप बनवणाऱ्यांना ऑफर पुन्हा वाजवायची आहे, असे समजू. पहिला प्रयत्न म्हणून ते वरचाच कोड पुन्हा चालवतात. काहीच होत नाही, चूक झाल्याचा संदेशही येत नाही. त्याच ओळखनामाचे चॅनल आधीपासून असेल तर अँड्रॉइड ॲपकडून नवे नाव आणि नवे वर्णन घेते, आवाज आणि कंपन यांच्याकडे लक्ष देत नाही. महत्त्व ॲपला फक्त कमी करता येते, आणि तेही फोनवाल्याने त्या चॅनलच्या कुठल्याच सेटिंगला हात लावलेला नसेल तरच. दुसरा प्रयत्न असतो चॅनल काढून टाकून त्याच ओळखनामाने पुन्हा बनवण्याचा. त्यातही जुने चॅनल ग्राहकाने केलेल्या निवडीसह परत येते, कारण काढलेल्या चॅनलची नोंद प्रणाली लगेच पुसत नाही.

तिसरा प्रयत्न मात्र लागू पडतो. `offers` ऐवजी `offers_2` असे नवे ओळखनाम दिले की अँड्रॉइडच्या लेखी तो नवा कप्पा ठरतो आणि ॲपने मागितलेले महत्त्व त्याला मिळते. ग्राहकाने सायलंट केलेली ऑफर दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजू लागते. प्रणालीतले हे सर्वांत मोठे छिद्र आहे. यावर अँड्रॉइडने बंदी घातलेली नाही, फक्त खूण ठेवली आहे: ॲपच्या नोटिफिकेशन सेटिंगच्या पानावर किती प्रकार काढून टाकले आहेत याचा आकडा दाखवण्याची तरतूद आहे. एखादा बंद केलेला प्रकार पुन्हा वाजू लागला आणि त्या पानावर असा आकडा दिसला, तर ओळखनाम बदलले असल्याची शंका घ्यायला जागा असते. मात्र प्रत्येक वेळी त्यामागे लबाडीच असते असे नाही. ॲपला चॅनलचा आवाज नंतर बदलता येत नाही, त्यामुळे सूचनेचा सूर बदलायचा असेल तर सरळ हेतूच्या प्रोग्रामरलाही नवेच चॅनल करावे लागते. तेव्हा त्याने जुन्या चॅनलची स्थिती आधी वाचावी आणि नवे चॅनल त्याच महत्त्वाने तयार करावे. `getNotificationChannel()` ने सध्याचे महत्त्व वाचता येते, ते वाढवता येत नाही. ग्राहकाने खरोखर कामाची सूचना बंद केली असेल, तर त्या चॅनलचे सेटिंग पान उघडून देणे आणि विनंती करणे एवढेच ॲपच्या हातात राहते.

फोनवाल्याची निवड कशी जपली जाते, हे संगणकाला जोडलेल्या फोनवर adb या अँड्रॉइडच्या साधनाने पाहता येते.

```
adb shell dumpsys notification
```

या आज्ञेने मिळणाऱ्या लांबलचक मजकुरात प्रत्येक चॅनलपुढे `mImportance` आणि `mUserLockedFields` अशा नोंदी असतात. वरच्या उदाहरणात ग्राहकाने ऑफर सायलंट केल्यावर महत्त्वाचा आकडा 4 वरून 2 वर येतो, आणि दुसऱ्या नोंदीत शून्याच्या जागी 4 दिसतो. हा दुसरा 4 महत्त्वाची पायरी दाखवत नाही. ‘महत्त्व माणसाने ठरवले आहे’ अशी ती खूण आहे. सूचना वाजत नाही अशी तक्रार आली की आधी ही नोंद पाहावी. इथे शून्य असेल तर दोष ॲपमध्ये शोधावा. शून्य नसेल तर ग्राहकानेच त्या चॅनलमध्ये काहीतरी बदलले आहे, ते काय हे पाहावे.

ॲपमधला सर्वांत नेहमीचा दोष म्हणजे चॅनलच नसणे. एपीआय 26 किंवा पुढचे लक्ष्य ठेवलेल्या, म्हणजे त्या आवृत्तीसाठी बनवल्याचे जाहीर केलेल्या ॲपने अस्तित्वात नसलेल्या चॅनलवर सूचना पाठवली तर ती दिसतच नाही. लॉगमध्ये `No Channel found` अशी ओळ तेवढी उमटते. गुगल प्लेने ऑगस्ट 2018 पासून नव्या ॲपना आणि नोव्हेंबर 2018 पासून जुन्यांच्या सुधारित आवृत्त्यांना हे लक्ष्य बंधनकारक केले, तेव्हा चॅनल टाळण्याची वाट बंद झाली. दुसरा दोष फायरबेस या गुगलच्या सेवेमार्फत सर्व्हरवरून येणाऱ्या सूचनांचा. सर्व्हरने चॅनलचे ओळखनाम कळवले नाही आणि ॲपची माहिती देणाऱ्या मॅनिफेस्ट फाइलमध्येही नेमून दिलेले नसले, तर फायरबेस स्वतःच एक किरकोळ सूचनांचा कप्पा उघडते आणि सगळे त्यात टाकते. तसे झाले की सेटिंगमध्ये ‘Miscellaneous’ किंवा त्या अर्थाचा एकच प्रकार दिसतो, आणि निवडीची सोय असूनही नसल्यासारखी होते.

सोयीची खरी मर्यादाही इथेच आहे. कुठल्या कप्प्यात काय टाकायचे हे ॲपच ठरवते. ‘व्यवहार’ या चॅनलवर कर्जाची जाहिरात पाठवली तर अँड्रॉइड ती अडवत नाही, कारण सूचनेतला मजकूर आणि कप्प्याचे नाव यांचा मेळ ते तपासत नाही. अशा वेळी फोनवाला पुन्हा 2017 च्या आधीच्या पेचात सापडतो: जाहिरात थांबवायची तर व्यवहाराची सूचनाही थांबवावी लागते. म्हणून जाहिरातीला स्वतंत्र चॅनल देणे हा ॲपच्या प्रामाणिकपणाचा भाग आहे. चॅनलची नावेही त्यातच येतात. नाव कधीही बदलता येते, फोनची भाषा बदलली की ॲपने ते त्या भाषेत पुन्हा द्यावे अशी अपेक्षा असते. तरीही मराठीत चालणाऱ्या फोनवर बाकी सगळे मराठी आणि सूचनांचे प्रकार तेवढे इंग्रजी असे आढळते. आपण काय बंद करत आहोत हेच न कळलेला माणूस मग सगळेच बंद करतो.

पुढच्या आवृत्त्यांनी या रचनेवर भर घातली. अँड्रॉइड 11 ने माणसांशी चालणाऱ्या संभाषणांना सूचनापटात वेगळी जागा दिली आणि एकाच ॲपमधल्या एकाच व्यक्तीच्या संदेशांना वेगळे महत्त्व देता येऊ लागले. अँड्रॉइड 13 मध्ये सूचना पाठवण्यासाठी आधी परवानगी घेणे आले. जुन्या लक्ष्याच्या ॲपच्या बाबतीत परवानगीचा प्रश्न विचारण्याचा क्षणही चॅनलवरून ठरतो: ॲप पहिले चॅनल तयार करते तेव्हा प्रणाली प्रश्न पुढे करते. ‘व्यत्यय आणू नका’ चालू असतानाही एखादा प्रकार वाजू द्यावा, अशी सूट चॅनलनिहाय देता येते. साध्या ॲपला ती स्वतःहून घेता येत नाही.

सॅमसंगच्या फोनवर, वन यूआय या त्यांच्या अँड्रॉइड रूपाच्या 6.1 आवृत्तीपासून, सूचनांचे प्रकार सुरुवातीला लपवलेले असतात. ते दिसण्यासाठी सेटिंगमध्ये नोटिफिकेशनच्या प्रगत पर्यायांत जाऊन प्रत्येक ॲपचे सूचना-प्रकार हाताळण्याचे बटण चालू करावे लागते. त्यानंतर ॲपच्या पानावर सगळे चॅनल दिसू लागतात.