भाताचे वजन कच्चे की शिजलेले?

“शिजल्यावर भाताच्या कॅलरी कमी होतात ना? १०० ग्रॅम तांदळात ३६० आणि भातात १३०, असं अ‍ॅपच दाखवतं.”

कमी काहीच होत नाही. दाण्यात पाणी शिरते आणि त्याच कॅलरी जास्त वजनात पसरतात. नाशिकच्या आमच्या घरी परवा इगतपुरीकडचा २०० ग्रॅम इंद्रायणी कुकरला लावला, तेव्हा भांड्याचे वजन वजा जाता भात ५६० ग्रॅम भरला. माझ्या ताटात १४० ग्रॅम आला, म्हणजे चौथा हिस्सा: ५० ग्रॅम तांदूळ, सुमारे १८० कॅलरी. हेच १४० ग्रॅम ‘कच्चा तांदूळ’ म्हणून नोंदवले असते, तर ५०० दिसल्या असत्या.

ओट्समध्ये चूक बहुधा उलटी होते. ४० ग्रॅम कोरड्या ओट्सच्या साधारण १५५ कॅलरी होतात, पण ‘शिजलेले’ ही नोंद निवडली की जेमतेम २८ दिसतात. दूध अर्थातच वेगळे नोंदवावे.

पाण्याचे प्रमाण घरोघरी बदलते (आमच्याकडे तर रोज), म्हणून कोरडे वजन आणि कोरडीच नोंद अधिक भरवशाची. मात्र पेज काढून टाकणाऱ्यांचा आकडा किंचित जास्त येईल.