रिपोर्टमध्ये 'पीसीओ पॅटर्न' लिहून आलं आहे? आधी हे वाचा

आमच्या लातूरच्या सोनोग्राफी सेंटरमधून रिपोर्ट घेऊन जाताना बऱ्याच जणी, आणि त्यांच्यापेक्षा जास्त त्यांच्या आया, एकाच ओळीवर अडतात: 'दोन्ही अंडाशयांत अनेक लहान फॉलिकल, पीसीओ पॅटर्न'. घरी पोचेपर्यंत त्या ओळीचं 'अंडाशयात गाठी' होतं. त्या गाठी नसतात. फॉलिकल म्हणजे पाण्याने भरलेली बारीक पिशवी, आणि तिच्यात कच्चं स्त्रीबीज असतं. दर महिन्याला अशा अनेक पिशव्या वाढायला लागतात. त्यांतली बहुधा एकच मोठी होऊन फुटते, बाकीच्या विरून जातात. विशीतल्या मुलीच्या अंडाशयात त्या भरपूर असणं साहजिक आहे.

मग 'पीसीओ', म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी किंवा अनेक फॉलिकलचं अंडाशय, म्हणायचं कधी? 2003 मध्ये ठरलं होतं की एका अंडाशयात 2 ते 9 मिलिमीटरचे 12 फॉलिकल दिसले किंवा आकारमान 10 मिलिलिटरच्या वर गेलं, की ते अंडाशय पीसीओ धरायचं. पुढे मशिनं सुधारली, बारकावे दिसू लागले आणि निरोगी बायकांतही 12 चा आकडा सहज भरू लागला. म्हणून 2018 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात योनीमार्गे केलेल्या, चांगल्या मशिनवरच्या तपासणीसाठी तो 20 वर नेला. जुन्या आकड्यावर लिहिलेला रिपोर्ट आजच्या आकड्यात बसतोच असं नाही.

लग्न न झालेल्या मुलींची सोनोग्राफी आपण पोटावरून करतो. लघवी रोखून धरावी लागते ती याचसाठी: भरलेल्या मूत्राशयातून मागचं अंडाशय दिसतं. पण पोटावरून एकेक फॉलिकल नीट मोजता येत नाही, आणि पोटावर चरबी असली तर आणखीच अवघड. अशा वेळी आकड्यापेक्षा आकारमानावर भर द्यावा लागतो.

एक उदाहरण घेऊ. मुलगी 24 वर्षांची, पाळी तेराव्या वर्षी सुरू झाली, दर 28 ते 32 दिवसांनी येते. हनुवटीवर केस नाहीत. उजवं अंडाशय 3.4 × 2.3 × 2.1 सेंटिमीटर. तिन्ही मापांचा गुणाकार करून 0.523 ने गुणलं की आकारमान येतं सुमारे 8.6 मिलिलिटर. फॉलिकल चौदा-एक, कडेने मण्यांसारखे. डावंही जवळपास तसंच. चित्र पाहून कोणीही 'पॅटर्न' लिहील, पण आजच्या मापात ते बसत नाही, आणि पाळीही नियमित आहे. हिला पीसीओ सिंड्रोम, म्हणजे प्रत्यक्ष आजार, आहे असं म्हणता येत नाही.

हीच मुलगी पाळीच्या तेराव्या दिवशी आली असती तर? त्या महिन्याचं फॉलिकल 18 मिलिमीटरचं झालेलं असतं आणि अंडाशय 3.8 × 2.5 × 2.4, म्हणजे 11.9 मिलिलिटर भरतं. दहाच्या वर! पण ही वाढ पिकत आलेल्या फॉलिकलची आहे. 10 मिलिमीटरहून मोठं फॉलिकल दिसलं तर ते आकारमान धरायचं नाही, पुढच्या पाळीच्या सुरुवातीला पुन्हा मोजायचं. पाळी नियमित असेल तर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी या, असं आम्ही सांगतो ते यासाठी.

सिंड्रोम ठरवायला तीनपैकी दोन गोष्टी लागतात: पाळीची अनियमितता, पुरुषी हार्मोन वाढल्याची खूण, म्हणजे हनुवटी-छातीवर राठ केस किंवा रक्तात वाढलेलं टेस्टोस्टेरॉन, आणि तिसरं अंडाशयाचं चित्र. शिवाय थायरॉइड आणि प्रोलॅक्टिनचे बिघाड आधी बाजूला काढावे लागतात, कारण पाळी त्यांनीही चुकते. पहिल्या दोन्ही गोष्टी असतील तर निदानासाठी सोनोग्राफीची गरजच उरत नाही. आणि नुसती तिसरी असेल तर निदान होत नाही, फॉलिकल कितीही असोत.

पाळी सुरू होऊन आठ वर्षं झाली नसतील तर या निदानासाठी सोनोग्राफी धरायचीच नाही, असं मार्गदर्शन सांगतं. त्या वयात अंडाशयं अशीच दिसतात. नीटच्या तयारीसाठी इथे हॉस्टेलवर राहणाऱ्या सतरा-अठराच्या मुलींना हे लागू पडतं. त्यांची पाळी लांबत असेल तर डॉक्टरांना जरूर दाखवावं, पण 'पीसीओडी' चा शिक्का चित्रावरून मारू नये. त्या एका ओळीपायी स्थळ मोडल्याचं ऐकलं की आम्हाला फार वाईट वाटतं.

डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टसोबत मागच्या सहा ते बारा पाळ्यांच्या तारखा लिहून न्या. दोन पाळ्यांत 21 पेक्षा कमी किंवा 35 पेक्षा जास्त दिवस वारंवार जात असतील तर त्या तारखांवर खूण करा. गर्भनिरोधक किंवा पाळी आणण्याच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, आम्हालाही आणि डॉक्टरांनाही, कारण त्यांनी पाळीच्या तारखा आणि अंडाशयाचं आकारमान दोन्ही बदलतात. रिपोर्टवर तिन्ही मापं, आकारमान आणि तपासणी पोटावरून झाली की योनीमार्गे, हे लिहिलेलं आहे का पाहा. नसेल तर काउंटरवर मागून घ्या.