हिलचे दृष्टिकोन : हवाप्रदूषण आणि दमा

दोन गोष्टी सोबतीने वाढताना दिसल्या, तर त्यांतली एक दुसरीचे कारण आहे का, हे पारखण्यासाठी ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी सुचवलेल्या नऊ बाजू. १४ जानेवारी १९६५ रोजी रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनच्या व्यावसायिक आरोग्य विभागापुढे दिलेल्या अध्यक्षीय भाषणात त्यांनी त्या मांडल्या : संबंधाची ताकद, सातत्य, विशिष्टता, काळाचा क्रम, मात्रेनुसार चढ, जैविक शक्यता, सुसंगती, प्रयोग आणि साधर्म्य. पाठ्यपुस्तकांत त्यांना सर्रास ‘हिलचे निकष’ म्हटले जाते. हिल यांनी मात्र ‘दृष्टिकोन’ हाच शब्द वापरला होता. यांतला एकही एकटा कार्यकारण सिद्ध किंवा खोटे ठरवू शकत नाही, आणि एखादा नाही म्हणून दावा आपोआप पडतही नाही, असे त्यांनी तिथेच बजावले होते. नऊपैकी किती जुळले याचे गुण मोजून निकाल लावणे म्हणजे त्यांचे म्हणणे न ऐकणे होय.

या नोंदीत हे दृष्टिकोन नागपूरच्या संदर्भात, हवेतले सूक्ष्मकण व वाहनांचा धूर आणि मुलांचा दमा या संबंधाला लावून पाहिले आहेत.

प्रश्न एक नव्हे, दोन

‘प्रदूषणाने दमा होतो’ या वाक्यात दोन वेगळे दावे दडलेले असतात. ज्या मुलाला दमा आहेच, त्याचा दमा वाईट हवेच्या दिवशी उसळतो, हा पहिला. ज्याला दमा नव्हता, त्याला वर्षानुवर्षे धुरात राहून तो जडतो, हा दुसरा. पहिल्याचा कालावधी तासांचा किंवा दिवसांचा आहे, दुसऱ्याचा वर्षांचा. दोन्हींचे पुरावे वेगळे, त्यांत होणाऱ्या चुकाही वेगळ्या. वर्तमानपत्रांतल्या बातम्यांत ते एकमेकांत मिसळतात आणि पहिल्याचा भक्कम पुरावा दुसऱ्याच्या खात्यात जमा होतो. हिल यांचे दृष्टिकोन लावण्याआधी हे दोन दावे वेगळे केले नाहीत, तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

पहिला दावा : उसळणारा दमा

थंडीतल्या सकाळी नागपुरातल्या कोणत्याही बालरोगतज्ज्ञाकडे नेबुलायझरसाठी रांग दिसते. ‘रातभर छाती वाजत होती जी, डॉक्टरसाहेब,’ असे सांगत आई मुलाच्या नाकातोंडावर मास्क धरून बसलेली असते. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार होते, वर उबदार हवेचे झाकण बसते आणि धूर खालीच कोंडतो. म्हणजे धूर आणि धाप एकाच ऋतूत येतात. पण त्याच ऋतूत गारठा असतो, सर्दीच्या विषाणूंची साथ असते, बंद खोल्या असतात आणि कोपऱ्याकोपऱ्यावर शेकोट्याही असतात. महिन्याकाठचे सरासरी आकडे शेजारी मांडले, तर यांतले काहीही ‘कारण’ म्हणून पुढे करता येईल.

यातून वाट काढणारी एक पद्धत अशी. समजा, एक मूल बुधवार, १५ जानेवारी २०२५ रोजी दम्याचा झटका आला म्हणून दवाखान्यात आले. त्याची तुलना दुसऱ्या मुलाशी करायची नाही. त्याचीच तुलना त्याच्याच त्या महिन्यातल्या इतर बुधवारांशी करायची : १, ८, २२ आणि २९ जानेवारी. झटक्याच्या दिवशी आणि आदल्या दिवशी हवेत सूक्ष्मकण किती होते आणि त्या बाकीच्या बुधवारांना किती होते, एवढेच पाहायचे. मूल तेच असल्यामुळे घरची गरिबी, आईचा दमा, स्वयंपाकाची चूल, वस्ती हे सगळे दोन्ही बाजूंना सारखे राहते आणि आपोआप वजा होते. महिना तोच, म्हणून ऋतूही बराचसा वजा होतो. अशी शेकडो मुले जमली की एकत्र हिशेब करायचा.

तरीही काही उरतेच. याच उदाहरणात १४ तारखेला संक्रांत होती. नागपूरचे मूल त्या दिवशी पहाटेपासून गच्चीवर असते. पतंगामागे धावते, ओरडते, गार वारा छातीत घेते, आणि धाप तर नुसत्या धावण्यानेही लागू शकते. त्या दिवशी हवा वाईट असली, तरी दोष धुराचा की पतंगाचा? इथे हिल यांची ‘विशिष्टता’ कामाला येते. एका कारणाचा एकच रोग, असा तिचा जुना अर्थ प्रदूषणाला लागू पडत नाही, कारण धूर हृदयालाही त्रास देतो. पण तिचा आजचा उपयोग फार मोलाचा आहे. तोच हिशेब हाड मोडून आलेल्या मुलांवर करून पाहायचा. धुराने हाड मोडत नाही. तरीही वाईट हवेच्या दिवशी हाडे जास्त मोडताना दिसली, तर गच्चीवरून पडणारी मुले आपल्या आकड्यांत शिरली आहेत आणि संक्रांतीचे दिवस वेगळे काढावे लागतील, हे लगेच कळते.

‘काळाचा क्रम’ही असाच तपासता येतो. आजच्या झटक्याचे कारण उद्याची हवा असू शकत नाही. म्हणून आजच्या आकड्यांच्या सोबतीने उद्याचे सूक्ष्मकणही त्याच समीकरणात घालायचे. दोन्ही एकत्रच घालायला हवेत, कारण आजची आणि उद्याची हवा बरीचशी सारखी असते आणि उद्याचा आकडा एकटा घेतला तर तो आजच्या आकड्याची सावली म्हणूनच पुढे येईल. दोन्ही एकत्र घालूनही उद्याची हवा आजच्या झटक्याशी जोडलेली दिसली, तर ऋतूचा किंवा साथीचा अंश हिशेबात उरला आहे, असे समजावे.

आता ‘ताकद’. समजा, दर घनमीटर १० मायक्रोग्रॅम सूक्ष्मकण वाढले की झटके २ टक्क्यांनी वाढतात, असे उत्तर आले. सिगारेट ओढणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू न ओढणाऱ्यांच्या नऊ-दहा पट असतात, हे हिल यांचे स्वतःचे उदाहरण. त्यापुढे २ टक्के म्हणजे काहीच नाही, असे वाटते. मात्र हा आकडा आपण निवडलेल्या एककावर उभा आहे. स्वच्छ दिवस आणि अगदी वाईट दिवस यांत १०० मायक्रोग्रॅमचा फरक असेल, तर तोच संबंध १.०२ चा दहावा घात, म्हणजे सुमारे १.२२ पट होतो. संबंध तोच, ‘ताकद’ मात्र वेगळी दिसते. न मोजलेल्या एखाद्या घटकाने हा सगळा आकडा खोटा पाडायचा, तर तो किती जबर हवा, हेही काढता येते : जोखमीचे गुणोत्तर RR असेल, तर RR + √(RR × (RR − 1)). १.०२ साठी हे १.१६ येते, १.२२ साठी सुमारे १.७४. म्हणजे वाईट हवेच्या दिवसांशी आणि झटक्यांशी, दोन्हींशी जेमतेम १.१६ पट जोडलेला घटकही पहिला आकडा पुसून टाकू शकतो. गारठा सहज तेवढा असू शकतो, म्हणून तापमान हिशेबात धरल्याशिवाय असा निष्कर्ष मी तरी मान्य करणार नाही. किरकोळ दिसणारा संबंध त्यामुळे खोटा ठरत नाही, पण त्याला बाकीच्या दृष्टिकोनांचा आधार जास्त लागतो.

मोजमापाचा दोष उलट्या दिशेने काम करतो. सिव्हिल लाइन्समधल्या हवा मोजणाऱ्या केंद्रावरचा आकडा भांडेवाडीच्या कचरा डेपोशेजारी राहणाऱ्या मुलाला लावला, तर त्याने खरोखर काय श्वासात घेतले हे कळत नाही. अशी चूक बहुधा खरा संबंध फिका करते आणि मात्रेनुसार दिसायला हवा तो चढही सपाट करते.

या दाव्याला सर्वांत मोठा आधार ‘प्रयोगा’चा आहे. लंडनमध्ये दमा असलेल्या ६० प्रौढांना एकदा ऑक्सफर्ड स्ट्रीटवर आणि एकदा हाइड पार्कमध्ये दोन तास चालवले गेले. ऑक्सफर्ड स्ट्रीटवर तेव्हा फक्त डिझेलच्या बस आणि टॅक्सी धावत. तिथे चालल्यावर एका सेकंदात जोराने बाहेर टाकता येणारी हवा बागेतल्यापेक्षा स्पष्टपणे जास्त घटली. २००७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चालणे तेवढेच, माणसे तीच, बदलली ती हवा. पतंगाचा प्रश्न इथे उरत नाही.

आपोआप घडलेले ‘प्रयोग’ मात्र फसवे असतात. १९९६ च्या ऑलिंपिकच्या काळात अटलांटामध्ये वाहतूक आवरली गेली, ओझोन घटला आणि मुलांचे दम्याचे झटकेही घटले, असे २००१ साली प्रसिद्ध झाले. पुढे फेरतपासणीत दिसले की ओझोन आसपासच्या, ऑलिंपिक नसलेल्या भागांतही घटला होता, आणि ऋतूचा नेहमीचा उतार धरल्यावर झटक्यांतली घट उरत नव्हती. मार्च २०२० च्या टाळेबंदीकडेही याच नजरेने पाहावे. हवा निवळली हे खरे, पण मुले एकमेकांना भेटत नव्हती म्हणून सर्दी पसरत नव्हती, आणि भीतीपोटी लोक दवाखान्यात जातही नव्हते. त्या महिन्यांतले ओस नेबुलायझर धुराविरुद्धचा पुरावा म्हणून वापरता येत नाहीत.

दुसरा दावा : नव्याने जडणारा दमा

इथे चित्र इतके स्वच्छ नाही. बाजूने सर्वांत वजनदार पुरावा दक्षिण कॅलिफोर्नियाचा आहे. तिथे १९९३, १९९६ आणि २००६ साली सुरू झालेल्या मुलांच्या तीन तुकड्या नऊ वस्त्यांत वर्षानुवर्षे पाहिल्या गेल्या. या काळात नायट्रोजन डायऑक्साइड आणि सूक्ष्मकण कमी झाले. ज्या वस्त्यांत ते जास्त कमी झाले, तिथे दम्याच्या नव्या रुग्णांची घटही जास्त होती. सुरुवातीला दमा नसलेलीच मुले घेतल्यामुळे काळाचा क्रमही पक्का आहे.

विरुद्ध बाजूला ‘सुसंगती’चा अवघड प्रश्न उभा राहतो. जर्मनीच्या एकीकरणानंतर लगेचच पूर्वेकडच्या लाइपझिग व हाले आणि पश्चिमेकडच्या म्युनिक इथल्या शाळकरी मुलांची तुलना झाली. पूर्वेची हवा लिग्नाइट कोळशाच्या धुराने, सल्फर डायऑक्साइडने कितीतरी जास्त मळलेली होती. तिथे ब्राँकायटिस जास्त होता, पण दमा आणि परागज्वर म्युनिकमध्येच जास्त निघाले. ‘हवा जितकी घाण, तितका दमा जास्त’ हे साधे सूत्र इथेच मोडते. पाठशाळा, खाणेपिणे, कुटुंबातली मुलांची संख्या असे किती तरी फरक दोन्ही जर्मनींत होते, म्हणून या तुलनेने धूर निर्दोष सुटत नाही. पण ती एक प्रश्न विचारायला भाग पाडते : कोणता धूर?

नागपूरला हा प्रश्न टाळता येत नाही, कारण शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याची कोळशावरची औष्णिक वीजकेंद्रे आहेत आणि शहरात वर्धा रोड, कामठी रोडवर वाहनांचा धूर आहे. नव्या दम्याचा पुरावा मुख्यतः वाहनांच्या धुराशी जोडलेला आहे. तो जसाच्या तसा उचलून कोराडीच्या चिमण्यांना लावणे म्हणजे ‘साधर्म्या’वर नको तेवढा भार टाकणे होय. कोळशाच्या धुराची हानी वेगळी आणि स्वतंत्रपणे मोजावी लागते. नागपूरच्या हवा मोजणाऱ्या केंद्रावर सूक्ष्मकणांचा ‘पीएम २.५’ असा एकच आकडा दिसतो, त्यात राख किती, डिझेलची काजळी किती, सिमेंट रस्त्यांची धूळ किती आणि जाळलेला कचरा किती, हे त्या आकड्यावरून उमगत नाही. फिल्टरवर जमलेल्या कणांचे रासायनिक पृथक्करण केल्याशिवाय हा भेद करता येत नाही.

काळाचा क्रमही इथे उलटू शकतो. मुलाची छाती वाजू लागली म्हणून एखादे कुटुंब वर्धा रोडवरचे घर सोडून आतल्या गल्लीत गेले आणि सर्वेक्षण त्यानंतर झाले, तर दमेकरी मूल गल्लीच्या खात्यात मोजले जाते आणि रस्ता निर्दोष दिसतो. म्हणून ‘आज कुठे राहता’ एवढे विचारून भागत नाही. छाती पहिल्यांदा वाजली तेव्हा घर कुठे होते, तेही विचारावे लागते. शिवाय पाच वर्षांखालच्या पुष्कळ मुलांची छाती सर्दीत वाजते आणि पुढे ती पूर्ण बरी होतात. त्यांना त्या वयात दमा म्हणून मोजले, तर आपण धूर आणि दमा यांचा नव्हे, धूर आणि सर्दी यांचा संबंध मोजलेला असतो.