फळ्या एका पातळीत आणणारी चूक

फर्निचरच्या जाहिरातींत ‘आतून डॉवेल, म्हणून दुप्पट मजबूत’ अशा धर्तीची वाक्ये सर्रास आढळतात आणि टेबलाच्या पृष्ठभागासाठी शेजारी शेजारी जोडलेल्या फळ्यांच्या बाबतीत ती दिशाभूल करणारी असतात. समजा, १२० सेंमी लांब, १५ सेंमी रुंद आणि २० मिमी जाड अशा सागवानाच्या तीन फळ्या कडेला कड लावून चिकटवायच्या आहेत. कडा रंध्याने सरळ करून, सागाच्या अंगचे तेल वर येण्याआधी लगेच चांगला पांढरा गोंद लावला, तर लांबीच्या दिशेने धावणारे दोन्हीकडचे तंतू गोंदाने इतके घट्ट धरले जातात की पुढे तो सांधा मोडायला घेतला तरी बहुधा गोंदाऐवजी शेजारचे लाकूडच फाटते. असा सांधा आत बिस्किटे किंवा डॉवेल हे लाकडी तुकडे घालून आणखी मजबूत होण्याला फारसा वाव उरत नाही.

मग ती घालायची कशासाठी? ओला गोंद निसरडा असतो. क्लॅम्प आवळू लागताच एक फळी वर सरकते, दुसरी खाली जाते आणि सांध्यावर अर्ध्या-एक मिलिमीटरची पायरी तयार होते. ती काढण्यासाठी रंधा मारत बसले की २० मिमीची फळी १८ मिमीवर येते. फळ्यांचे हे वरखाली सरकणे रोखणे, एवढेच आतल्या लाकडी तुकड्याचे काम आहे.

डॉवेल ही गोल खुंटी असते. बिस्किट हा बीच लाकडाचा दाबून पातळ केलेला, लंबगोल, सुमारे ४ मिमी जाडीचा तुकडा असतो आणि स्वित्झर्लंडमध्ये १९५० च्या दशकात तो प्रथम पुढे आला. या दोहोंमधला खरा फरक चुकीला मिळणाऱ्या जागेचा आहे, आणि तो शाळेतल्या पायथागोरसने समजतो. बिस्किटाची खाच कापणारे पाते १०० मिमी व्यासाचे असते. ते लाकडात १२ मिमी शिरले, तर पात्याच्या केंद्रापासून फळीच्या कडेपर्यंतचे अंतर ५० वजा १२, म्हणजे ३८ मिमी राहते. ५० चा वर्ग २५०० आणि ३८ चा वर्ग १४४४. त्यांची वजाबाकी १०५६, तिचे वर्गमूळ साधारण ३२.५ आणि त्याची दुप्पट ६५. म्हणजे खाचेच्या तोंडाची लांबी ६५ मिमी, तर तिच्यात बसणारे २० क्रमांकाचे बिस्किट फक्त ५६ मिमी लांब. खाच खोलीकडे वळत जाते, त्यामुळे ही सगळी जागा हाती लागत नाही, तरी फळी लांबीच्या दिशेने दोन-तीन मिलिमीटर इकडे-तिकडे सहज सरकवता येते. जाडीच्या दिशेला मात्र ४ मिमीच्या खाचेत ४ मिमीचे बिस्किट असल्याने अजिबात सवलत नाही. जिथे अचूकता हवी तिथे ती मिळते आणि जिथे नको तिथे खुणेची चूक चालून जाते. गोल डॉवेलला हे साधत नाही. त्याला दोन्ही दिशांना काही दशांश मिलिमीटरांपेक्षा जास्त चूक खपत नाही, आणि दोन छिद्रांमधले अंतर दोन फळ्यांवर अर्ध्या मिलिमीटरने वेगळे झाले तरी सांधा अर्ध्यावर अडतो.

म्हणून बिस्किटासाठी खूण करणे सोपे आहे. तिन्ही फळ्या जवळ ठेवून वरच्या बाजूवर पेन्सिलने एक मोठा त्रिकोण काढावा, म्हणजे क्रम आणि दर्शनी बाजू दोन्ही नक्की होतात. मग सांध्यावरून आडव्या रेघा २० ते २५ सेंमी अंतरावर माराव्यात. टोकांपासून मात्र सात-आठ सेंमी दूर राहावे, कारण शेवटी टोके कापून समान केली की जवळचे बिस्किट उघडे पडते. प्रत्येक खाच कापताना यंत्राची आडवी पट्टी त्रिकोण काढलेल्या बाजूवरच टेकवावी. खाच जाडीच्या बरोबर मध्यावर येण्याची गरज नाही. ती वरच्या बाजूपासून १० ऐवजी ९ मिमीवर आली, तर दुसऱ्या फळीवरही ती ९ वरच येते आणि दोन्ही चुका एकमेकींना कापतात. एक फळी १९.५ मिमी असली, तरी तो फरक खाली जातो, वर दिसत नाही. बाजारात मिळणारे ‘आपोआप मध्य शोधणारे’ जिग, म्हणजे छिद्राची जागा धरून देणारे साचे, मला म्हणूनच फारसे आवडत नाहीत. जाडी वेगळी असली की मध्य जुळतात आणि दर्शनी बाजूवर पायरी उरते.

कोपऱ्याची गोष्ट निराळी आहे. १८ मिमी प्लायच्या खोक्यात वरच्या फळीचे टोक उभ्या बाजूच्या आतल्या अंगावर येते आणि टोकाकडून तंतू गोंद पिऊन टाकतात, म्हणून इथे डॉवेल पातळीबरोबर ताकदही देतो. (देव्हाऱ्याला लोखंडी खिळा अशुभ म्हणून डॉवेलचा आग्रह धरणारेही भेटतात. ओलाव्यात लोखंड आणि लाकडातले टॅनिन यांचा संयोग होऊन काळे डाग पडतात, हे खरे कारण पुरेसे आहे. ग्रहांना मध्ये आणायला नको.) डॉवेलची छिद्रे दोन्ही फळ्यांवर जुळावीत यासाठी घट्ट लाकडाचा एक ठोकळा घ्यावा, त्याच्या एका कडेला अशी पट्टी ठोकावी की ती ठोकळ्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे बाहेर येईल, आणि एका टोकाला तशीच दुसरी पट्टी लावावी. पट्टीपासून सुमारे ९ मिमीवर, उभ्या ड्रिल मशीनवर, ८ मिमीची आरपार छिद्रे पाडावीत. उभ्या बाजूवर छिद्र पाडताना लांब पट्टी तिच्या वरच्या टोकाला टेकवायची. वरच्या फळीच्या टोकात छिद्र पाडताना तीच पट्टी तिच्या बाहेरच्या अंगाला. टोकाची पट्टी दोन्ही वेळा खोक्याच्या दर्शनी कडेला राहिली पाहिजे, आणि त्यासाठी ठोकळा उलटा करावा लागतो. हा ठोकळा जुळलेल्या सांध्याच्या मधोमध अडकवला आहे, असे मनात आणले की सगळे स्पष्ट होते: एकाच छिद्राची दोन तोंडे दोन फळ्यांकडे पाहत आहेत. ९ ऐवजी ९.४ मिमी झाले तरी काही बिघडत नाही. छिद्र तिरके गेले, तर मात्र दोन तोंडे वेगळ्या अंतरावर येतात आणि ठोकळा फेकून द्यावा लागतो.

खोलीचा हिशेब ३० मिमीच्या डॉवेलसाठी असा: उभ्या बाजूत १२ मिमी, फळीच्या टोकात २० मिमी. बेरीज ३२ होते आणि दोन मिलिमीटर जागा गोंदासाठी उरते. ही जागा आणि डॉवेलवरच्या खोबणी नसतील, तर ठोकताना कोंडलेला गोंद पिचकारीसारखा दाब देऊन प्लाय फोडतो. खोलीसाठी बिटवर चिकटपट्टीची खूण चालते, पण बिटाचे मधले टोक त्याहून दोन-तीन मिलिमीटर पुढे जाते, हे उभ्या बाजूच्या उरलेल्या ६ मिमीत धरून चालावे.

गोंद लावण्याआधी सांधा कोरडा जुळवून त्यावरून नख फिरवावे. पायरी असली तर डोळ्याआधी नखाला कळते. बिस्किट पाणीदार गोंद शोषून फुगते आणि खाचेत घट्ट बसते. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात पाकीट उघडे राहिले, तर हेच फुगणे आधीच होते आणि बिस्किटे खाचेत शिरतच नाहीत, म्हणून ती झाकणाच्या बरणीत ठेवावीत. त्याच ओलाव्याने खाचेवरचे लाकूडही किंचित वर येते. सांधा दुसऱ्या दिवशी वाळला असे वाटते आणि कोणी लगेच काचपेपर मारतो. आठवड्याने ओल निघून गेली की पॉलिश केलेल्या पृष्ठभागावर, बरोबर बिस्किटांच्या जागी, लंबगोल खळगे तिरप्या उजेडात दिसू लागतात. त्यामुळे घासण्याआधी फळी दोन्ही बाजूंनी हवा लागेल अशी काही दिवस उभी ठेवावी, आणि पावसाळ्यात त्याहून जास्त.